स्टेंटनंतर दोन पेग: प्रमाण किती, आणि रात्रीच्या गोळीचं काय?

वडील ५८ वर्षांचे, वेंगुर्ल्याला असतात. फेब्रुवारीत मोठा अटॅक आला, समोरच्या नसेत एक स्टेंट घातला. पंपिंग तेव्हा ४० टक्के होतं. मधुमेह आहे. गोळ्या: अॅस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९० दोन वेळा, अॅटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलोल, रामिप्रिल, पँटोप्राझोल आणि साखरेची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन. आधी रोज रात्री क्वार्टर घ्यायचे, पाच महिने थेंब नाही. आता गटारीला दोन पेग घेऊ का म्हणतायत. मित्र सांगतात रेड वाईन हृदयाला चांगली. काका म्हणतात, घेशील त्या रात्रीची गोळी सोड, औषध आणि दारू एकत्र नको. नक्की किती चालतं आणि गोळ्यांचं काय करायचं?

काकांचा सल्ला आधी निकालात काढू, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे. दारू घेतली तरी आणि नाही घेतली तरी टिकाग्रेलॉर आणि अॅस्पिरिन चुकवायची नाही. पेग आणि गोळी, या दोन्हींतलं एक सोडायचंच असेल तर पेग सोडायचा. गोळी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

यामागचं कारण वडिलांनाही नीट समजावून सांगा. स्टेंट ही धातूची बारीक जाळी असते. नसेच्या आतलं अस्तर तिच्यावर हळूहळू चढतं, पण आजकालच्या औषध लावलेल्या स्टेंटवर ते पुरतं चढायला काही महिने जातात. तोवर रक्तातल्या प्लेटलेट्स त्या जाळीला चिकटू पाहतात. एक गोळी त्यांना एका वाटेने रोखते, दुसरी दुसऱ्या वाटेने, म्हणून दोन लागतात. हा अटकाव ढिला पडला तर स्टेंटच्या आतच गुठळी धरते. अशा वेळी नस हळूहळू अरुंद होत नाही, थोड्या वेळात पूर्ण बंद पडते. शिवाय तुमच्या वडिलांचा स्टेंट समोरच्या नसेत आहे आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूचा मोठा भाग त्याच नसेवर जगतो. गुठळीचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो, मग उतरत जातो, पण पाचव्या महिन्यात तो शून्य झालेला नसतो. म्हणूनच अटॅकनंतर दोन्ही गोळ्या साधारण १२ महिने देतात आणि पुढे बहुतेकांना एक कायम ठेवतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर हा काळ कमीही करतात, पण तो हिशेब त्यांचा.

टिकाग्रेलॉरबद्दल आणखी एक बाब. क्लोपिडोग्रेल किंवा अॅस्पिरिनने एकदा निकामी केलेली प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे आठवडाभर-दहा दिवस, निकामीच राहते. टिकाग्रेलॉरची पकड तशी कायमची नसते. रक्तातलं औषध उतरलं की पकड सुटत जाते, आणि म्हणूनच ती दर बारा तासांनी घ्यावी लागते. आता काकांचा सल्ला घड्याळावर मांडून बघा. गटारीच्या सकाळी आठला गोळी घेतली. रात्री आठची मुद्दाम सोडली. दुसऱ्या दिवशी डोकं जड, पोटात मळमळ, सकाळची गोळी तोंडात गेलीच नाही किंवा उलटीत पडली. पुढची गोळी रात्री आठला, म्हणजे मध्ये ३६ तास गेले. एक डोस हुकला की लगेच गुठळी होते असं नाही, उगाच घाबरवत नाही. पण सोडलेली गोळी क्वचितच एकटी असते. आणि 'दारूच्या दिवशी गोळी नाही' हा नियम एकदा घरात रुजला की शिमगा, हळद, थर्टी फर्स्ट, प्रत्येक वेळी तोच लागू होतो.

मग दारू आणि गोळ्या भिडतात कुठे? पोटात दोन्ही एकत्र आल्यावर काही विष तयार होत नाही. पहिली टक्कर जठराच्या अस्तरावर होते. अॅस्पिरिन त्या अस्तराचं नैसर्गिक संरक्षण कमी करते, दारू तेच अस्तर सोलवटते, आणि दोन गोळ्यांमुळे रक्त लवकर थांबत नाही. एरवी आपोआप बुजली असती अशी छोटी जखमही मग वाहत राहते. पँटोप्राझोल याचसाठी दिलेली आहे. ती धोका कमी करते, पण 'पँटोप्राझोल चालू आहे म्हणजे पोट सुरक्षित' असं गृहीत धरू नका.

हा रक्तस्राव ओळखायचा कसा? शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट आणि दुर्गंधी नसते. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखा चोथा दिसू शकतो. कधी बाहेर काहीच दिसत नाही, फक्त उभं राहिल्यावर चक्कर येते, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायची. रक्त जातंय म्हणून घरीच दोन्ही गोळ्या बंद करायच्या नाहीत. पोट वाचवायचं आणि स्टेंटही वाचवायचा, यासाठी कोणती गोळी किती दिवस थांबवायची हे तिथे ठरतं.

दुसऱ्या दिवशीचं डोकं दुखणं हाही याच गोष्टीचा भाग आहे. नाक्यावरच्या दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेतली जाते. अॅस्पिरिन, टिकाग्रेलॉर आणि वर ही वेदनाशामक गोळी म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाला आवतण. आयबुप्रोफेन तर अॅस्पिरिनचा प्लेटलेटवरचा परिणामही अडवू शकते. या दोन्ही प्रकारच्या गोळ्या स्टेंटवाल्याने एरवीही टाळायच्या असतात. फारच गरज पडली तर पॅरासिटामॉलची ५०० ची एक गोळी. तीही रोज पिणाऱ्याच्या यकृताला जड जाते, म्हणून वारंवार नाही.

आता प्रमाण. 'दोन पेग' हे माप नव्हे, कारण ते बाटली कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. डॉक्टर मोजतात ते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. हिशेब सोपा आहे: किती मिलिलिटर, गुणिले बाटलीवर छापलेले टक्के, भागिले शंभर, आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणायचं. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. तिचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम. पण घरी बसल्यावर पेग म्हणजे साठ, म्हणून 'दोन पेग' म्हणजे १२० मिलिलिटर आणि साधारण ४१ ग्रॅम. वडिलांची जुनी १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅमच्या थोडं वर. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटलीही ४१-४२ ग्रॅमला जाते. 'आज फक्त बिअर' म्हणणाऱ्याने तेवढ्यात दोन मोठे पेग घेतलेले असतात.

कोकणातली खरी अडचण बिनलेबलच्या पेयांची आहे. काजूच्या हंगामातली हुर्राक पहिल्या धारेची, फेणीपेक्षा सौम्य, पण किती सौम्य ते भट्टीवर अवलंबून. १५ टक्के धरली तरी लिंबू-सोडा घालून भरलेल्या ग्लासात २०० मिलिलिटर हुर्राक असेल तर २४ ग्रॅम झाले, आणि ती सरबतासारखी उतरत असल्याने दुसरा ग्लास कधी संपला ते कळत नाही. माडी झाडावरून उतरवल्यापासूनच आंबायला लागते. पहाटेची गोड असते, संध्याकाळपर्यंत बिअरच्या जवळ पोचते. पाच टक्के धरून अर्धा लिटर माडी म्हणजे २० ग्रॅम. हातभट्टीचा हिशेब मांडतच नाही. त्यात मिथेनॉल असण्याची भीती हृदयाच्या प्रश्नाच्या कितीतरी आधी येते.

हे ग्रॅम कशाशी ताडून बघायचे? युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात जास्तीत जास्त मर्यादा आठवड्याला १०० ग्रॅम सांगितली आहे, पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही तीच. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात, जुनाट हृदयविकार असलेला माणूस पीतच असेल तर पुरुषांनी दिवसाला दोन आणि स्त्रियांनी एक प्रमाणित पेयापलीकडे जाऊ नये असं म्हटलं आहे. तिकडचं एक पेय १४ ग्रॅमचं, म्हणजे आपला छोटा पेग आणि वर थोडं. हे आकडे वाचताना दोन चुका सर्रास होतात. पहिली चूक म्हणजे हा आकडा कोटा समजणं. 'इथपर्यंत प्या' असं कोणीही सांगितलेलं नाही, 'पिणं थांबतच नसेल तर याच्या पलीकडे नको' एवढंच सांगितलं आहे. दुसरी चूक म्हणजे आठवडाभर साठवून शनिवारी एकदम वसूल करणं. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त म्हणजे अतिमद्यपान, मग उरलेले सहा दिवस कोरडे का असेनात. आपल्याकडे गटारी साजरी होते ती नेमकी याच पद्धतीने.

एका बैठकीत जास्त झाल्यावर हृदयाची लय बिघडू शकते. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात आणि नाडी वेडीवाकडी चालते. सुट्टीत भरपूर पिऊन आलेल्या लोकांत हे दिसलं म्हणून १९७८ पासून डॉक्टर याला 'हॉलिडे हार्ट' म्हणतात. धडधाकट माणसात ते बहुधा एक-दोन दिवसांत सुटतं. अटॅकमध्ये जखमी झालेल्या हृदयाला मात्र ती वाढलेली गती पेलत नाही, धाप लागते. आणि ती लय टिकून राहिली तर पक्षाघात टाळण्यासाठी रक्ताची गुठळी रोखणारी आणखी एक गोळी आधीच्या गोळ्यांच्या जोडीला येते, रक्तस्रावाचा धोका तिने आणखी वाढतो.

रेड वाईनचं दोन वाक्यांत संपवता येण्यासारखं आहे, पण मित्रमंडळी पुन्हा पुन्हा काढणार म्हणून थोडं जास्त. थोडी वाईन पिणाऱ्यांत अटॅक कमी दिसतात ही निरीक्षणं जुनी आहेत. पण थोडी पिणारा माणूस बऱ्याचदा सुस्थितीतला, नीट जेवणारा आणि चालणारा असतो. 'न पिणाऱ्यां'च्या यादीत मात्र आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजलेले असतात, त्यामुळे तुलनाच लंगडी होते. माणसांचे गट पाडून, काहींना थोडी दारू देऊन हे तपासायचा मोठा प्रयोग अमेरिकेत सुरू झाला होता. त्याला मद्य कंपन्यांचा पैसा मिळवण्याच्या पद्धतीवर आक्षेप आले आणि २०१८ मध्ये तो बंद केला गेला. म्हणजे दारूने स्टेंटवाल्याचा पुढचा अटॅक टळतो, हे प्रयोगाने कोणीही दाखवलेलं नाही. जागतिक हृदय महासंघाने २०२२ मध्ये स्पष्टच म्हटलं की हृदयासाठी दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, आणि अमेरिकी मार्गदर्शनही हृदयाच्या रक्षणासाठी दारूचा सल्ला देऊ नये असंच सांगतं. गंमत अशी की आपल्याकडच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात 'आरोग्य परवाना' नावाचं कलम आहे. त्या नावावर कोणी हृदय सोपवू नये.

आता तुमच्या वडिलांचा नेमका प्रश्न. अटॅकनंतर पहिले चार ते सहा आठवडे कोणालाच थेंबही नको, कारण मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होत असतो आणि लय बिघडण्याचा धोका मोठा असतो. तो काळ त्यांनी पार केला आहे. पण फेब्रुवारीत पंपिंग ४० टक्के होतं (निरोगी माणसात ते ५५ ते ७० च्या दरम्यान असतं), आणि तेव्हाचा आकडा अंतिम नसतो. अटॅकमध्ये काही स्नायू मरतो आणि काही नुसता बधिर होतो. बधिर भाग काही आठवड्यांत जागा होतो, म्हणून स्टेंटनंतर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा टूडी एको करतात. तुमच्या पत्रात दुसऱ्या एकोचा उल्लेख नाही. झाला नसेल तर आधी तो करा. त्याच वेळी हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, यकृताची तपासणी आणि तीन महिन्यांची साखर बघून घ्या. हे आकडे हातात आल्याशिवाय 'दोन पेग चालतील' असं म्हणणारा डॉक्टर अंदाजाने बोलतोय.

पंपिंग ४० किंवा त्याखाली असेल, पायाला सूज किंवा झोपल्यावर धाप असेल, नाडी अनियमित असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल, पूर्वी अल्सर झाला असेल किंवा यकृताचा आकडा नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट असेल, तर उत्तर सरळ 'नाही'. यातलं एक कारणही पुरेसं आहे. पूर्वी रोज भरपूर पिणाऱ्या माणसाच्या हृदयाच्या स्नायूवर दारूनेही परिणाम केलेला असू शकतो. त्यांच्या अशक्त पंपिंगमध्ये अटॅकचा वाटा किती आणि रोजच्या क्वार्टरचा किती, हे नेहमी नेमकं वेगळं करता येत नाही. दारूचा वाटा असेल तर पूर्ण बंद ठेवल्यावर पंपिंग बऱ्याचदा सुधारतं, म्हणजे ते पाच महिने फुकट गेलेले नाहीत.

समजा पंपिंग ५० च्या वर आलं आणि बाकी सगळं नीट निघालं. तरीही या माणसाला मी पहिलं वर्ष, म्हणजे दोन्ही गोळ्या चालू असेपर्यंत, दारू नको असंच सांगेन. कारण ग्रॅमचं नाही, सवयीचं आहे. रोज क्वार्टर घेणारा माणूस ३० मिलिलिटरवर थांबला असं फार क्वचित होतं. पहिला पेग पोटात गेल्यावर दुसऱ्याचा निर्णय शुद्धीतला माणूस घेत नसतो. पाच महिने कोरडं राहणं जमलं आहे, तर 'अजिबात नाही' हा नियम त्यांना 'फक्त एक' या नियमापेक्षा सोपा जाईल. कधीतरी एखादा पेग घेणाऱ्या, साखर नसलेल्या, पंपिंग चांगलं असलेल्या माणसाला माझं उत्तर वेगळं असतं: आठवड्यातून एक-दोन दिवस, ३० मिलिलिटर मोजून, जेवणाबरोबर, आणि पाचशे सबबी सांगून त्याहून वर नाही.

वडिलांच्या बाबतीत साखरेच्या गोळीमुळे धोका आणखी वाढतो. ग्लिमेपिराइड साखर खाली ओढते. जेवण कमी पडलं तर यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं, पण दारू मोडण्यात गुंतलेलं यकृत ते काम नीट करत नाही. बैठकीत चकण्याने पोट भरतं, भाकरी-भात राहून जातो, आणि पहाटे दोन-चारच्या सुमारास साखर कोसळते. त्या वेळी माणूस घामाने भिजतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, मग गुंगतो. घरच्यांना वाटतं, चढली आहे, झोपू दे. मेटोप्रोलोलमुळे साखर उतरल्याची धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र येतो. म्हणून प्यालेल्या मधुमेह्याला घाम येत असेल तर आधी ग्लुकोमीटर लावायचा. ७० च्या खाली असेल आणि शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग भात किंवा पोळी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा. मेटफॉर्मिनचा वेगळा धोका भरपूर दारू आणि कमजोर मूत्रपिंड एकत्र आल्यावर असतो, रक्तात लॅक्टिक आम्ल साचतं. क्रिएटिनिन बघायला सांगितलं त्याचं हेही एक कारण.

तुम्ही कितीही सांगितलं तरी ते गटारीला बसणारच असतील, तर नुकसान कमी कसं करायचं तेही लिहितो. संध्याकाळची टिकाग्रेलॉर सातला, ग्लास समोर येण्याआधी, तुमच्यासमोर घ्यायला लावा. त्यासाठी दोन-तीन दिवस आधीपासून सकाळचीही सातला आणा, म्हणजे बारा तासांचं अंतर टिकेल. ग्लिमेपिराइड जेवणाबरोबरच द्यायची, आधी नाही. त्या रात्री ती कमी करायची का, हे डॉक्टरांना फोन करून आधी विचारून ठेवा, रात्री अकराला नव्हे. आधी जेवण, मग ग्लास. माप औषधाच्या टोपीने किंवा मेडिकलमधल्या मापाच्या कपाने घ्या, डोळ्यांनी नाही. ३० मिलिलिटर, आणि बाटली घरात नको. चकण्याला खारवलेला मासा, सुकट, खारे शेंगदाणे भरपूर असतात. त्या मिठाने अंगात पाणी साठतं, आणि पंपिंग कमी असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी धाप लागू शकते. झोपण्याआधी साखर बघा आणि रात्री तीनला उठून पुन्हा एकदा.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर? गोळी उलटीत अख्खी दिसली तर डॉक्टरांना विचारून पुढचं ठरवा. दिसली नाही तर दुप्पट घ्यायची नाही. टिकाग्रेलॉरचा डोस हुकला तरी नियम तोच: पुढची एक गोळी ठरल्या वेळेला, दोन एकदम नाहीत.

छातीत दुखलं तर वेळ का वाया जातो, हे या ठिकाणी सांगणं भाग आहे. दारू घेतल्यावर छातीत जळजळ होते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून स्टेंटवाल्याचं दुखणंही 'गॅस' म्हणून सोडा-लिंबावर ढकललं जातं. जळजळ घशाकडे येते आणि आंबट ढेकर येतो. हृदयाचं दुखणं छातीवर दाब आल्यासारखं असतं, जबडा, डावा हात किंवा पाठीत जातं, घाम येतो. मधुमेह्याला दुखणं कमी आणि घाम-धाप जास्त असू शकते, म्हणून फरक कळत नसेल तर ते हृदयाचंच समजून चालायचं. बसवून जिभेखाली ५ मिलिग्रॅमची सॉर्बिट्रेट ठेवा, उभं असताना नाही. दारूनेही रक्तदाब उतरतो आणि या गोळीनेही, दोन्ही मिळून माणूस कोसळतो. आधीच चक्कर येत असेल किंवा दाब वरचा १०० च्या खाली असेल तर ती द्यायचीच नाही. मागच्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल घेतली असेल तरीही नाही, आणि हा प्रश्न संकोच न करता विचारायचा. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही तर १०८. वेंगुर्ल्याहून अँजिओग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी पोचायचं म्हणजे बऱ्याचदा गोव्यात बांबोळी किंवा घाट चढून कोल्हापूर, आणि गटारी येते ऐन पावसात. सकाळ होऊ दे, मग बघू, एवढी सवड या रस्त्यात नाही. दवाखान्यात प्यायल्याचं लपवू नका, औषध ठरवताना ते लागतं.

हे उत्तर दुसऱ्या घरांतही वाचलं जाणार, म्हणून एक सूचना. अजूनही रोज क्वार्टर किंवा जास्त घेणाऱ्या माणसाने अटॅकच्या धास्तीने एका रात्रीत एकट्याने बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, नाडी आणि दाब वाढतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रमही होऊ शकतो. ताज्या अटॅकच्या हृदयावर हा ताण नको. भरती होतानाच 'रोज इतकी घेतो' हे खरं प्रमाण सांगितलं तर त्यासाठीची औषधं आणि थायामिन वेळेवर सुरू करता येतात. बायको-मुलांसमोर अर्धं प्रमाण सांगितलं जातं, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. जमलं तर त्यांना एकट्याला विचारू द्या.

आणि ज्यांना झडप बदलल्यामुळे किंवा हृदयातल्या गुठळीमुळे अॅसेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन चालू आहे, त्यांनी वरचं छोट्या पेगचं माप स्वतःला लावू नये. कधीमधी जास्त प्यायल्याने रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आयएनआर वर जातो, रोज प्यायल्याने खालीही येऊ शकतो, आणि दोन्ही बाजूंना धोका आहे. घेतलं गेलंच तर दोन-तीन दिवसांत आयएनआर करून डॉक्टरांना आकडा आणि खरं प्रमाण दोन्ही कळवायचं.